‘कोणताही पदवीधर’ ही ओळ खोडल्यावर बायोडेटा कसा वाचायचा

सीबीडी बेलापूर किंवा वाशीतल्या, निर्यात मालाचे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एखाद्या क्लिअरिंग-फॉरवर्डिंग कार्यालयाने ‘डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह’ या जागेसाठी जाहिरात दिली, की तिच्यात एक ओळ बहुधा ठरलेली असते : शिक्षण – कोणताही पदवीधर. नीट विचार केला तर ही ओळ मोठी चमत्कारिक आहे. वाणिज्य चालते, प्राणिशास्त्र चालते, इतिहासही चालतो. म्हणजे उमेदवार कॉलेजात काय शिकला याच्याशी कार्यालयाला काही कर्तव्य नाही. मात्र टी. वाय. बी. कॉम.ला एका विषयाची एटीकेटी राहिलेला आणि तीन वर्षे निर्यातीची इन्व्हॉइस बनवत आलेला मुलगा चालत नाही. त्याचा अर्ज कुणी वाचतच नाही, कारण पोर्टलवर ‘पदवी’ हा फिल्टर लावल्यावर तो यादीतच दिसत नाही.

अलीकडे काही कार्यालये ही ओळ काढून टाकू लागली आहेत. त्यामागचा हेतू बरोबर आहे, पण ओळ काढणे हे सर्वांत सोपे काम आहे. ती काढल्यानंतर टेबलावर येऊन पडलेला बायोडेटा कोणत्या नजरेने वाचायचा, हा खरा प्रश्न असतो. तो नवी मुंबईतल्या याच एका जागेच्या उदाहरणावरून समजून घेऊ. या लेखातले कार्यालय आणि तीन उमेदवार मी माझ्या डोळ्यांखालून गेलेल्या अनेक बायोडेटांवरून जुळवून रचले आहेत. आकडेही पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

आधी हे पाहू, की पदवीची अट आजवर कोणते काम करत होती. तिचे पहिले काम गर्दी कमी करण्याचे. एका जागेसाठी अडीचशे अर्ज आले, वाचणारा माणूस एकच आहे आणि त्याच्याकडे दोन दुपारी आहेत, तर त्याला काहीतरी चाळणी हवीच असते. दुसरे काम अंदाज बांधण्याचे : पदवी आहे म्हणजे माणसाला चार ओळी वाचून समजत असतील, तीन वर्षे एक गोष्ट धरून ठेवता येत असेल. तिसरे काम कुणी उघड बोलत नाही. पदवीची अट निवड करणाऱ्याला सांभाळते. उद्या घेतलेला माणूस कच्चा निघाला, तर ‘पदवीधर होता, मुलाखतीत बरा वाटला’ असे वरिष्ठांना सांगता येते. बारावी झालेला माणूस कच्चा निघाला, तर ‘मग घेतला कशाला?’ हा प्रश्न थेट निवड करणाऱ्याच्या अंगावर येतो. अट काढली आणि या तिन्ही कामांची दुसरी सोय केली नाही, तर वाचणारा माणूस नकळत जुनीच चाळणी मनातल्या मनात वापरत राहतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्यांनी पदवीची अट काढल्याचे जाहीर केल्यावर पुढे काय झाले, याचा अभ्यास बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट आणि हार्वर्ड बिझनेस स्कूल यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या कंपन्यांपैकी सुमारे ४५ टक्के कंपन्यांच्या जाहिराती बदलल्या होत्या, पण प्रत्यक्ष नेमणुकांमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडलेला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीच्या एकूण नेमणुकांचा हिशेब केला, तर या बदलाचा लाभ सातशे नेमणुकांमागे एकीलाही पुरता मिळालेला नव्हता. जाहिरात एचआर विभाग लिहितो आणि बायोडेटा वाचणारा माणूस वेगळाच असतो, हे ज्यांनी कार्यालयात पाहिले आहे त्यांना या आकड्याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

पदवीवरून कामाचा अंदाज कितपत येतो, यावरही बरेच संशोधन झालेले आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक दशकांचे अभ्यास एकत्र करून, निवडीच्या वेळी मोजलेली गोष्ट आणि पुढे दिसलेले काम यांचा संबंध किती घट्ट असतो, याचे आकडे मांडले. आकडा शून्य असेल तर संबंध नाही, एक असेल तर संबंध पूर्ण, असे ते वाचायचे. शिक्षणाच्या वर्षांसाठी तो आकडा ०.१० एवढाच आला, तर प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेण्याच्या चाचणीसाठी ०.५४ आला. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या गणितातली एक दुरुस्ती प्रमाणाबाहेर केली गेली होती असे दाखवून बहुतेक आकडे खाली आणले : कामाचा नमुना ०.३३, कामाच्या माहितीची परीक्षा ०.४०, आणि सर्वांना तेच प्रश्न ठरावीक पद्धतीने विचारणारी मुलाखत ०.४२. त्याच यादीत ‘अनुभवाची वर्षे’ ०.०७ वर आली. या शेवटच्या आकड्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पदवीची अट काढणारी कार्यालये बहुतेक वेळा तिच्या जागी ‘किमान पाच वर्षांचा अनुभव’ असे लिहितात. तसे करून एक कमजोर खूण काढली जाते आणि तिच्याहून बरी नसलेली दुसरी बसवली जाते.

अट काढण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली म्हणजे कायद्याला काय हवे आहे. कस्टम्सच्या कामात हे स्पष्ट आहे : २०१८ च्या कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्सनुसार स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करणारी व्यक्ती पदवीधर असावी लागते, पण परवानाधारकाकडे नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्याला किमान बारावी पुरते. म्हणजे आपल्या जागेसाठी बारावीची रेषा कायम राहील आणि तिच्या वरची पदवीची रेषा आपली आपणच आखलेली आहे. दुसरी गोष्ट आपल्याच कार्यालयात पाहायची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात शालान्त प्रमाणपत्राची अट रद्द ठरवली, तेव्हा एक साधी बाब महत्त्वाची ठरली होती : अट लागू होण्यापूर्वी त्याच विभागांत लागलेले प्रमाणपत्र नसलेले कामगार आपले काम व्यवस्थित करत होते. भारतीय कायद्याशी त्या निकालाचा संबंध नाही, पण तपासणी म्हणून ही युक्ती उत्तम आहे. न्हावा शेव्याचे काम करणाऱ्या जुन्या कार्यालयात गेलात, तर ज्याच्याकडे सगळे अडलेली फाईल घेऊन जातात तो पन्नाशीचा माणूस पुष्कळदा बारावीच असतो. आज त्याने त्याच कार्यालयात अर्ज केला, तर तो पोर्टलवर दिसणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पदवीच्या जागी ‘कौशल्ये’ लिहायची ठरवले, की पहिल्या मसुद्यात हमखास येणारे शब्द म्हणजे संवादकौशल्य, बारकाईने काम करण्याची वृत्ती, संघभावना. हे शब्द बायोडेटात शोधता येत नाहीत, कारण ते प्रत्येक बायोडेटात असतात. म्हणून कौशल्यांची यादी लिहायला बसण्यापूर्वी ते काम आज उत्तम करणाऱ्या माणसाशेजारी वही घेऊन दोन दिवस बसावे आणि तो काय करतो, कुठे थांबतो, कशामुळे त्याला फोन उचलावा लागतो, हे टिपून ठेवावे. आपल्या उदाहरणातल्या जागेसाठी अशा टिपणातून चार कामे निघतात. निर्यातदाराकडून आलेले इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट शिपिंग बिलाच्या, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदाच्या, चेकलिस्टशी ओळीओळीने जुळवणे, हे पहिले. इन्व्हॉइस कोणत्या अटींवर आहे ते पाहून एफओबी किंमत, म्हणजे भाडे आणि विमा वगळून मालाची किंमत, काढणे, हे दुसरे. कंटेनरचे व्हीजीएम म्हणजे पडताळलेले एकूण वजन, ड्राफ्ट बीएल म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा मसुदा, आणि बंदराचा कटऑफ म्हणजे माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, हे सगळे वेळेत सांभाळणे, हे तिसरे. आणि चूक आढळली की निर्यातदाराला नेमके काय हवे ते कळवणे, हे चौथे. चेकलिस्ट ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची ते सॉफ्टवेअर मी यादीत घेत नाही, कारण ते नव्या माणसाला दोन आठवड्यांत येते. जे आल्यानंतर लवकर शिकवता येते त्याचे गुण निवडीच्या वेळी देऊ नयेत. हा नियम पाळला नाही, तर ‘अमुक सॉफ्टवेअरचा अनुभव आवश्यक’ ही पदवीसारखीच आणखी एक आंधळी चाळणी तयार होते.

या चार कामांसाठी प्रत्येकी शून्य ते तीन गुण ठेवू. बायोडेटात त्या कामाचा उल्लेखच नसेल तर शून्य. नुसता दावा असेल, म्हणजे ‘एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचे ज्ञान’ असे लिहिले असेल, तर एक. काम कुठे, कोणत्या कागदांवर केले हे कळत असेल तर दोन. त्याच्यासोबत किती, किती वेळा आणि चुकले तर काय व्हायचे, असा जबाबदारीचा काही पुरावा असेल तर तीन. दावा आणि पुरावा यांतला हा फरक हाच या वाचनाचा कणा आहे. पदवीच्या पद्धतीत वाचणारा ‘हा कोण आहे?’ हे पाहतो. इथे त्याला ‘याने काय केले आहे, आणि ते मला कशावरून कळते?’ हे पाहायचे असते.

तीन बायोडेटे टेबलावर आहेत असे समजा. पहिला बी. एम. एस. झालेल्या मुलाचा : दोन पाने, डाव्या बाजूला निळी पट्टी, कौशल्यांसमोर पाचपैकी चार तारे, उत्तम इंग्रजीत लिहिलेले उद्दिष्ट, आणि एका फॉरवर्डिंग कंपनीतले एक वर्ष, ज्याच्यापुढे ‘निर्यात कागदपत्रांची संपूर्ण जबाबदारी आणि ग्राहकांशी पत्रव्यवहार’ एवढेच वाक्य आहे. दुसरा उरणजवळच्या गावातल्या, बारावी झालेल्या मुलीचा : सायबर कॅफेत टाइप केलेले एक पान, वर वडिलांचे नाव आणि जन्मतारीख, मध्ये दहावी ५४ टक्के, बारावी ४९ टक्के, ‘डॉक्युमेंटेशन’चे स्पेलिंग चुकलेले. मात्र अनुभवाखाली लिहिले आहे, की दोन वर्षे एका सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाच्या, गेटवर फॉर्म १३ हा कंटेनरच्या प्रवेशाचा कागद आणि सील तपासण्याचे काम केले, आणि नंतर चार वर्षे सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स ब्रोकरच्या, कार्यालयात ‘ऑफिस असिस्टंट’ म्हणून रोज दहा-बारा शिपिंग बिलांच्या चेकलिस्ट तपासल्या, व्हीजीएम भरले आणि ड्राफ्ट बीएल कटऑफच्या आत पाठवले. तिसरा एटीकेटी राहिलेल्या त्या मुलाचा, जो रबाळ्याच्या एका कारखान्यात निर्यातदाराच्या बाजूने इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बनवतो, भाडे आणि विमा वेगळा दाखवतो आणि सीएचएच्या शंकांना ई-मेलने उत्तरे देतो.

जुन्या पद्धतीत पहिला पुढे जातो आणि बाकीचे दोन वाचलेच जात नाहीत. फिल्टर काढूनही, नुसत्या नजरेने वाचणारा माणूस पहिल्यालाच वर ठेवील, कारण तो बायोडेटा वाचायला सुखाचा आहे. गुणपत्रिका भरली तर चित्र बदलते. पहिल्याला कागद जुळवण्यासाठी एक, किमतीसाठी शून्य, वेळापत्रकासाठी एक, पत्रव्यवहारासाठी दोन, असे बारापैकी चार मिळतात. दुसरीला जुळवणीत तीन, किमतीत एक, वेळापत्रकात तीन आणि पत्रव्यवहारात शून्य, म्हणजे सात. तिसऱ्याला जुळवणीत दोन, किमतीत दोन, वेळापत्रकात शून्य आणि पत्रव्यवहारात दोन, म्हणजे सहा. पाच गुणांवर रेषा आखली, तर दोघे पुढे जातात आणि पदवीधर मागे राहतो. पण इथे थांबलो, तर एका पूर्वग्रहाच्या जागी दुसरा बसवल्यासारखे होईल, म्हणून त्या चार गुणांकडे शेवटी परत येऊ.

तीन गोष्टी मात्र हे गुण देताना कटाक्षाने पाळाव्या लागतात. शिक्षणाचा रकाना झाकून ठेवावा आणि तो गुण दिल्यानंतरच उघडावा. कागदाची घडी घातली तरी पुरते. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मगच बोलावे, कारण आधी बोलले तर ज्येष्ठाचे मत दोघांचे मत होते. आणि ‘ऑफिस असिस्टंट’ हे पदनाम वाचून थांबू नये. लहान सीएचए कार्यालयांत पगाराचा हिशेब सोपा राहावा म्हणून अनेकांना तेच पदनाम दिलेले असते, मग काम काहीही असो.

खोटे दावे कसे ओळखायचे, हा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पदवी निदान पडताळता येते, ‘रोज दहा चेकलिस्ट’ कशी पडताळणार? अनेक जण यासाठी उमेदवाराला यूएएनवरून भविष्यनिर्वाह निधीची नोंद दाखवायला सांगतात. ही नोंद असली तर नोकरीचा काळ पक्का होतो, पण नसली तर माणूस खोटा ठरत नाही. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि सात-आठ माणसांच्या सीएचए कार्यालयात तो नसणे हे नेहमीचेच आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण दार उघडले, त्यांनाच ही पडताळणी पुन्हा बाहेर ठेवते. खोटा दावा उघडा पाडण्याचा स्वस्त आणि न्याय्य मार्ग म्हणजे काम करून पाहणे.

त्यासाठी चाळीस मिनिटांची एक चाचणी पुरते. उमेदवारासमोर तीन कागद ठेवायचे : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलाची चेकलिस्ट. पॅकिंग लिस्टवर ४८० खोकी आहेत, प्रत्येकाचे निव्वळ वजन १२ किलो आणि खोक्यासह वजन साडेबारा किलो. म्हणजे एकूण निव्वळ वजन ५,७६० आणि ढोबळ वजन ६,००० किलो. इन्व्हॉइस सीआयएफ रॉटरडॅम अटींवर, म्हणजे रॉटरडॅमपर्यंतचे भाडे आणि विमा धरून, २४,००० डॉलरचे आहे, आणि त्यात भाडे १,८०० व विमा २०० डॉलर वेगळा दाखवलेला आहे. चेकलिस्टमध्ये मुद्दाम चार चुका पेरायच्या. खोक्यांची संख्या ४०८ लिहायची. दोन वजनांची अदलाबदल करायची, म्हणजे ढोबळ वजन निव्वळपेक्षा कमी दिसेल, जे कधीच शक्य नसते. माल उतरवण्याचे बंदर रॉटरडॅमऐवजी अँटवर्प लिहायचे. आणि एफओबी किमतीच्या जागी २४,००० लिहायचे, जिथे भाडे व विमा वजा करून २२,००० यायला हवेत.

या चारपैकी पहिल्या तीन चुका लक्ष देऊन वाचणाऱ्या कुणालाही सापडतात. चौथी चूक काम समजलेल्यालाच सापडते, आणि तीच सर्वांत महाग आहे, कारण निर्यातदाराला कर परत देणाऱ्या रोडटेपसारख्या योजनांची रक्कम एफओबी किमतीच्या टक्केवारीवर निघते आणि किंमत फुगवून दाखवली की निर्यातदाराने हक्कापेक्षा जास्त मागितल्यासारखे होते. म्हणून तिला वेगळे, जास्त गुण ठेवावेत. यांच्याबरोबर एक गोष्ट अशी ठेवायची, जी चूक वाटते पण चूक नाही : खरेदीदार जर्मनीतला आणि माल घेणारा रॉटरडॅमचा गोदामवाला, अशी दोन वेगळी नावे. व्यवहारात हे रोज घडते. जो प्रत्येक फरकाभोवती लाल वर्तुळ काढत सुटतो, तो इथे पकडला जातो, आणि असा माणूस टेबलावर बसला की दिवसभर निर्यातदाराचे फोन वाजत राहतात. शेवटी सापडलेल्या चुकांबद्दल निर्यातदाराला तीन-चार ओळींचा ई-मेल लिहायला सांगायचा. त्याचे गुण देताना व्याकरण बघायचे नाही, वाचणाऱ्याला नेमके काय दुरुस्त करून हवे आहे ते कळते की नाही, एवढेच बघायचे. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात स्पेलिंगची चूक दिसली की पेन्सिल आपोआप खाली येते, आणि म्हणूनच गुण कशाचे ते आधी कागदावर लिहून ठेवायचे असते.

चाचणीलाही मर्यादा आहेत. कागद कल्पित असावेत; कार्यालयाची तुंबलेली खरी कामे ‘चाचणी’ म्हणून करून घेणे हा सरळसरळ फुकटचा उपयोग आहे, आणि आपल्याकडे तो होतो. चाचणी घरी नेऊन करायला दिली, तर ती कुणी केली हे कळत नाही, म्हणून ती कार्यालयातच घ्यावी आणि ती शनिवारी ठेवावी, म्हणजे चालू नोकरीतल्या माणसाला खोटी रजा टाकावी लागत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी आकडे आणि चुका बदलाव्यात, कारण या धंद्यातली माणसे एकमेकांना ओळखतात आणि चाचणी उरणच्या लोकलमध्ये चर्चेला यायला वेळ लागत नाही. आणि ज्याने हे काम कधीच केलेले नाही, पण करू शकला असता, अशा नवख्याबद्दल ही चाचणी फारसे काही सांगत नाही. नवख्यांची जागा असेल, तर एक पान नियम वाचायला देऊन मग तेच नियम वापरायला लावणारी वेगळी चाचणी हवी.

एवढे करूनही पदवी मागच्या दाराने परत येते, आणि ती नेमकी कुठून येते ते पाहण्यासारखे आहे. एकदा मी ज्या कार्यालयात होतो तिथे जाहिरात बदलली, गुणपत्रिका बदलली, चाचणी घेतली, आणि निवडलेल्या बारावीच्या उमेदवाराचे नियुक्तिपत्र तीन आठवडे निघाले नाही. कारण विचारले तेव्हा कळले, की पगाराच्या तक्त्यात त्या पदाची श्रेणी पदवीला जोडलेली होती आणि पदवीचा रकाना रिकामा ठेवला की प्रणाली खालची श्रेणी सुचवायची. शेवटी तिला त्याच कामासाठी कमी पगार देऊ करण्यात आला आणि ती दुसरीकडे गेली. म्हणून अट काढताना जाहिरातीपेक्षा आधी पगाराचा तक्ता, बढतीचा नियम आणि पोर्टलवर जतन करून ठेवलेले जुने फिल्टर, या तीन ठिकाणी पाहावे. तिसरी गोष्ट विशेष फसवी असते. जाहिरात नवी असते, पण बायोडेटा शोधणारा सहकारी गेल्या वर्षीचाच जतन केलेला शोध उघडतो आणि त्यात ‘पदवीधर’ची खूण तशीच असते.

हे घडते आहे की नाही, ते कळण्यासाठी एक छोटा तक्ता पुरतो. पदवी असलेले आणि नसलेले किती जण अर्जाच्या, गुणपत्रिकेच्या, चाचणीच्या, मुलाखतीच्या आणि नेमणुकीच्या टप्प्यावर होते, हे पाच रकान्यांत लिहावे. समजा, पदवी नसलेल्यांचे प्रमाण अर्जांत चाळीस टक्के आहे, चाचणी उत्तीर्ण होणाऱ्यांत पस्तीस आहे आणि मुलाखतीनंतर एकदम पाचवर आले, तर गळती मुलाखतीत आहे हे उघड दिसते. मग तिथे काय विचारले जाते ते पाहायचे. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न बहुधा तिथे सापडतो; त्याचे उत्तर कॉलेजच्या प्लेसमेंट वर्गात शिकवलेले असते आणि ज्याने तो वर्ग पाहिला नाही त्याला ते येत नाही. त्याच्या जागी ‘कटऑफला दोन तास असताना निर्यातदाराने वजन बदलल्याचे कळवले, तर तुम्ही कोणत्या क्रमाने काय कराल?’ असा प्रश्न सर्वांना एकाच शब्दांत विचारला, तर उत्तरांची तुलना होऊ शकते.

कामाचा दर्जा मोजायचा असेल, तर वर्षात चार-पाच नेमणुका करणाऱ्या कार्यालयाने टक्केवारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. एवढ्या कमी माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी रोज घडणाऱ्या गोष्टी मोजाव्यात, उदाहरणार्थ प्रत्येकाच्या हातून गेलेल्या किती शिपिंग बिलांत नंतर दुरुस्ती करावी लागली आणि किती बीएल बदलण्याचे शुल्क शिपिंग लाइनला भरावे लागले. ही नोंद बिलांच्या फायलीत आधीच असते. तिच्यासमोर माणसाचे नाव लिहायचे एवढेच.

आता चार गुण मिळालेल्या त्या पहिल्या उमेदवाराकडे येऊ. रेषा पाचवर आखली ती आपण अंदाजाने आखली होती, आणि ती योग्य जागी आहे की नाही हे रेषेच्या वरच्यांना बोलावून कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत रेषेच्या लगेच खालच्या एका-दोघांनाही चाचणीला बोलवावे. समजा, त्याला बोलावले आणि त्याने चारही चुका शोधल्या, एफओबीचीसुद्धा. विचारल्यावर त्याने सांगितले, की त्या एका वर्षात तो सीआयएफ आणि एफओबी इन्व्हॉइसच वेगळी करत होता, पण बायोडेटात ‘असले किरकोळ काम’ लिहू नये असे त्याला कॉलेजात सांगितले होते. याचा अर्थ गुण देण्यात चूक झाली नव्हती. पुरावा जिथून काढायचा होता, तो कागदच तो पुरावा लपवण्यासाठी शिकवलेला होता.

म्हणून पुढच्या जाहिरातीत ते कार्यालय बायोडेटासोबत तीन प्रश्नांची उत्तरे मागील, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, जमेल त्या भाषेत आणि प्रत्येकी पाच ओळींत : तुम्ही आठवड्याला कोणते निर्यात कागद किती तयार करता किंवा तपासता; तुम्हाला सापडलेली शेवटची चूक कोणती होती आणि ती कशी सापडली; आणि तुमच्या हातून झालेली एखादी चूक कुणाला आणि कशी निस्तरावी लागली. गुणपत्रिका आता या उत्तरांवर भरली जाईल, आणि बायोडेटा फोन नंबरासाठी जोडलेला राहील.